कमिशन स्टेटमेंट: जूनमध्ये कापलेला टीडीएस दोन टक्क्यांचा की पाच टक्क्यांचा?

अवनी_नाशिकरोड (14 जुलै 2025)

नमस्कार मंडळी. यजमानांनी एप्रिलपासून आयुर्विम्याची एजन्सी सुरू केली आहे. पॉलिसी ते आणतात, हिशेबाची वही मी ठेवते. पुढेमागे घरासाठी कर्ज काढायचं आहे, म्हणून उत्पन्नाची नोंद पहिल्या महिन्यापासून नीट राहावी असं वाटतं. कंपनीच्या पोर्टलवरून तीन महिन्यांची कमिशन स्टेटमेंटं काढली, ती अशी आहेत:

एप्रिल: ग्रॉस कमिशन 6,200, टीडीएस 0, नेट पेएबल 6,200
मे: ग्रॉस 7,400, टीडीएस 0, नेट 7,400
जून: ग्रॉस 9,800, टीडीएस 468, नेट 9,332

या एप्रिलपासून टीडीएस दोन टक्के झाला असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. 9,800 चे दोन टक्के 196 होतात, मग 468 कसे कापले? आणि आधीचे दोन महिने एक रुपयाही का नाही? शाखेत विचारलं तर "सिस्टिममधून येतं ताई, आमच्या हातात नाही" एवढंच उत्तर मिळालं.

दुसरं म्हणजे वहीत उत्पन्न म्हणून कोणता आकडा लिहू? बँकेत आलेला की ग्रॉस?

पंचवटीकर

बँकेत आला तोच आपला पैसा. तोच लिहा, बाकी सगळं कागदावरचं.

वसंत_एजंट

मी बावीस वर्षं विम्याचं काम करतोय. हा पाच टक्क्यांचाच प्रकार आहे. 9,800 चे पाच टक्के 490 होतात आणि तुमचे 468 कापलेत, म्हणजे जवळपास तेवढेच. मार्चपर्यंत दर पाच टक्केच होता. तुमच्या कंपनीने सिस्टिममध्ये दर बदललेला नसणार. आमच्याकडे एप्रिलच्या पहिल्याच स्टेटमेंटपासून बरोबर दोन टक्के कापले गेलेत. लेखी तक्रार द्या, गप्प बसू नका.

मृणाल_सिडको

वसंतकाका, "जवळपास" चालणार नाही ना. सिस्टिममध्ये पाच टक्के भरले असते तर 490 च आले असते, 468 नाही. संगणक 22 रुपयांची सूट कुणाला देत नाही.

अवनीताई, मी सिडकोत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते आणि एजंट लोकांची विवरणपत्रं आमच्याकडे ढिगाने येतात. तुमच्या तिन्ही महिन्यांच्या ग्रॉसची बेरीज करा. 6,200 अधिक 7,400 अधिक 9,800, म्हणजे 23,400. त्याचे दोन टक्के काढा. बरोबर 468 येतात.

एका आर्थिक वर्षात एका कंपनीकडून मिळणारं विमा कमिशन 20,000 च्या आत असेल तर कंपनीने टीडीएस कापायचा नसतो. एप्रिलमध्ये यजमान 6,200 वर होते, मे अखेर 13,600 वर, म्हणून दोन्ही वेळा शून्य. जूनमध्ये एकूण आकडा 20,000 च्या पुढे गेला. अशा वेळी वरच्या 3,400 वर किंवा फक्त जूनच्या रकमेवर कापत नाहीत, वर्षाच्या सुरुवातीपासूनच्या सगळ्या रकमेवर एकदम कापतात. म्हणजे एप्रिलचे 124, मेचे 148 आणि जूनचे 196, असे सगळे जूनच्या एकाच ओळीत आले.

पुढच्या महिन्यापासून त्या महिन्याच्या ग्रॉसचे दोन टक्के दिसतील. तसं दिसलं नाही तर इथे येऊन सांगा.

वसंत_एजंट

असं मी माझ्या स्टेटमेंटवर कधीच पाहिलेलं नाही.

मृणाल_सिडको

तुम्हाला दिसणारच नाही काका. तुमची जुनी पॉलिसीधारक मंडळी इतकी आहेत की नूतनीकरणाचं कमिशनच एप्रिलमध्ये 20,000 च्या वर जात असेल. ही एकदम कापणी फक्त नव्या किंवा कमी काम असलेल्या एजंटांना दिसते. मागच्या वर्षी हीच मर्यादा 15,000 होती आणि दर पाच टक्के, म्हणून जुने कागद समोर ठेवून यंदाचे तपासू नका.

गोदाकाठ

वा, मृणाल! मी कॅल्क्युलेटर घेऊन 468 ला 9,800 ने भागत बसलो होतो. 4.78 टक्के आले आणि हा कुठला दर म्हणून डोकं धरलं होतं.

द्राक्षबाग_पिंपळगाव

माझंही विचारून घेतो. मी पिंपळगाव बसवंतला एका कीटकनाशक कंपनीचं विक्री कमिशनवर काम करतो, द्राक्षवाले शेतकरी जास्त. माझ्या स्टेटमेंटवर कमिशन 50,000, जीएसटी 9,000, टीडीएस 1,000, नेट 58,000 असं आहे. इथे नेट तर ग्रॉसपेक्षाही मोठं! माझं उत्पन्न 58,000 धरायचं का? आणि टीडीएस कापू नये म्हणून 15जी फॉर्म देता येतो असं ऐकलंय, तो मला चालेल का?

मृणाल_सिडको

नाही दादा, तुमचं उत्पन्न 50,000. ते 9,000 तुमच्या हातून सरकारकडे जायचे आहेत, तुमच्याकडे ते फक्त मुक्कामाला आलेत. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ कमिशनवरच कापतात, म्हणून 50,000 चे दोन टक्के म्हणजे 1,000. हिशेब बरोबर आहे.

15जी तुम्हाला चालणार नाही. तुमचा टीडीएस आयकर कायद्याच्या कलम 194एच खाली जातो आणि त्याला 15जी ची सोय नाही. विमा एजंटांचा जातो 194डी खाली, तिथे देता येतो, पण वर्षाचं अंदाजे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तरच. उगाच कुणीतरी सांगितलं म्हणून सही करून देऊ नये, त्यावर प्रतिज्ञापत्रासारखी जबाबदारी असते.

अवनी_नाशिकरोड

मृणाल, मनापासून आभार. 124 अधिक 148 अधिक 196 करून पाहिलं, पैसा न् पैसा जुळला. आता दुसऱ्या प्रश्नाचंही सांग ना. पंचवटीकर म्हणतात तसं बँकेत आलेलं लिहिलं तर जूनचे 9,332 होतात.

मृणाल_सिडको

ग्रॉस लिहायचं. जूनचं उत्पन्न 9,800 आहे. कापलेले 468 कुठे हरवलेले नाहीत. ते यजमानांच्या पॅनवर सरकारकडे आगाऊ भरलेला कर म्हणून जमा आहेत. वर्षअखेर कर निघाला तर त्यातून वळते होतील, नाही निघाला तर परत मिळतील.

नेट लिहिण्यात खरी अडचण विवरणपत्राच्या वेळी येते. समजा वर्षभर तुम्ही नेट लिहीत गेलात आणि तेवढंच उत्पन्न दाखवलंत. पण कंपनी तिच्या टीडीएस विवरणात ग्रॉस कळवते. मग 26एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या टीडीएसचा आयकर खात्याकडचा उतारा, त्यात उत्पन्न जास्त आणि तुमच्या विवरणपत्रात कमी, आणि वर टीडीएसचा परतावा मात्र पूर्ण मागितलेला. आमच्याकडे दरवर्षी अशी प्रकरणं येतात. नोटीस आली की माणूस घाबरतो, आणि निघतो तो फरक नेमका टीडीएसएवढाच असतो.

पंचवटीकर

मग बँकेच्या पासबुकाशी ताळा कसा घालायचा? वहीत एक आणि पासबुकात दुसरंच.

मृणाल_सिडको

वहीत एका महिन्याला एकच ओळ ठेवा, पण त्यात ग्रॉस, टीडीएस, इतर कपात आणि बँकेत जमा असे चार रकाने पाडा. शेवटचा रकाना पासबुकाशी जुळला पाहिजे आणि पहिले दोन 26एएसशी. दोन्हीकडे जुळलं की ओळीसमोर बरोबरची खूण करायची.

कॉलेजरोड_अनिकेत

एवढी मेहनत कशाला? विवरणपत्रात 44एडी खाली ठरावीक टक्के नफा दाखवा आणि मोकळे व्हा. माझा मोबाइल दुरुस्तीचा गाळा आहे, मी दरवर्षी तेच करतो.

मृणाल_सिडको

गाळ्याला चालतं, कमिशनला नाही. कमिशन किंवा दलालीचं उत्पन्न त्या कलमातून स्पष्टपणे वगळलेलं आहे. एजंटाला प्रत्यक्ष खर्च दाखवूनच नफा काढावा लागतो. म्हणून पेट्रोलच्या पावत्या, मोबाइलचं बिल, लायसन्सचा खर्च हे वहीच्या दुसऱ्या बाजूला लिहा. उत्पन्नातून वजा करून नुसता उरलेला आकडा लिहू नका.

शालिमार_बँकवाला

मी एका बँकेत कर्ज विभागात आहे, म्हणून घरकर्जाबद्दल थोडं सांगतो. एजंट लोक माझ्यासमोर कमिशन स्टेटमेंटची जाडजूड फाईल ठेवतात. ती आम्ही पाहतो, पण त्यावर कर्ज ठरत नाही. साधारणपणे दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं, 26एएस आणि बँक खात्याचा उतारा एकमेकांशी ताडून पाहतो. तिन्हीकडे वेगळे आकडे दिसले की पहिला प्रश्न तिथेच येतो. फरक का आहे हे अर्जदाराला सांगता आलं तर काही बिघडत नाही, पण बहुतेकांना सांगताच येत नाही.

दुसरं, आमच्यासाठी उत्पन्न म्हणजे ग्रॉस कमिशन नाही, खर्च जाऊन विवरणपत्रात दाखवलेला नफा. ग्रॉस चार लाख आणि खर्च अडीच लाख दाखवून लोक म्हणतात चार लाखांवर कर्ज द्या. अवनीताई, पहिलंच वर्ष आहे तर लगेच कर्जाची घाई नको, पण वही आत्तापासून ठेवताय हे उत्तम.

वसंत_एजंट

बँकवाल्यांच्या मुद्द्यात भर घालतो. मार्चचं कमिशन माझ्या खात्यात एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येतं, पण 26एएस मध्ये ते मार्चच्या तारखेने, म्हणजे मागच्या वर्षात दिसतं. त्यामुळे पासबुकातले बारा महिने आणि 26एएस मधले बारा महिने कधीच सारखे नसतात. मी पहिली काही वर्षं हे कुणाकडून तरी समजून घेत होतो, आता सवय झाली. कंपनीने 31 मार्चला तिच्या वहीत आपल्या नावावर जमा लिहिलं की टीडीएस त्याच दिवशीचा, पैसे कधी येवोत.

गोदाकाठ

मग ते उत्पन्न कुठल्या वर्षाचं?

वसंत_एजंट

मी 26एएस प्रमाणे मागच्या वर्षात धरतो. आमचे सीए तसंच करतात.

मृणाल_सिडको

बहुतेकांना तेच सोपं पडतं. रोख पद्धतीने, म्हणजे पैसे मिळाले त्या दिवशी उत्पन्न धरून हिशेब ठेवणारा माणूस ते पुढच्या वर्षात नेऊ शकतो, पण मग त्या रकमेचा टीडीएससुद्धा विवरणपत्रात पुढे न्यावा लागतो. टीडीएस या वर्षी घेतला आणि उत्पन्न पुढच्या वर्षी, असं करता येत नाही. आमच्या ऑफिसातच यावर दोन मतं आहेत. कुठलीही एक पद्धत धरा, पण दर मार्चला बदलू नका.

गोदाकाठ

अवनीताईंच्या वहीची एक प्रत मलाही हवी. पुढच्या भेटीत मिसळ माझ्याकडून.

द्राक्षबाग_पिंपळगाव

मिसळीला मी पण. द्राक्षं फेब्रुवारीत आणतो, आत्ता फक्त पानं आहेत.

अवनी_नाशिकरोड (18 ऑगस्ट 2025)

मंडळी, धागा वर काढते. आधी आनंदाची बातमी. 26एएस मध्ये कंपनीची नोंद दिसायला लागली. एकच ओळ आहे, 30 जून तारखेची, रक्कम 23,400 आणि टीडीएस 468. मृणाल म्हणाली होती अगदी तसंच.

पण जुलैच्या स्टेटमेंटने परत कोडं घातलंय. त्यात असं आहे:

नवीन कमिशन 11,300
कमिशन रिकव्हरी 2,100
टीडीएस 184
टॅब हप्ता 1,000
नेट पेएबल 8,016

रिकव्हरी कशाची ते कळलं. जूनमध्ये उपनगरच्या एका ग्राहकाने पॉलिसी घेतली होती, कागद हातात आल्यावर विचार बदलला आणि तीस दिवसांच्या आत परत केली. त्यामुळे त्या पॉलिसीचं कमिशन कंपनीने मागे घेतलं. आणि कंपनीने काम करायला टॅब दिला आहे, त्याचा हप्ता जुलैपासून सुरू झाला.

आता उत्पन्न 11,300 लिहू, 9,200 लिहू की 8,200?

पंचवटीकर

यावेळी मी तोंड उघडत नाही. मृणालताईंची वाट बघतो.

मृणाल_सिडको

9,200. टीडीएसच सांगतोय बघा. 184 ला दोन टक्क्यांनी उलटं फिरवलं, म्हणजे 50 ने गुणलं, की 9,200 येतात. कंपनीने 11,300 मधून 2,100 आधी वजा केले आणि उरलेल्यावर टीडीएस कापला, म्हणजे ती 26एएस मध्ये 9,200 च कळवणार. कुठल्याही महिन्यात हा उलटा हिशेब करून पाहायचा. टीडीएस गुणिले 50 करून जी रक्कम येते ती कंपनीच्या मते तुमचं कमिशन. जूनमध्येही 468 गुणिले 50 म्हणजे 23,400 आलेच होते. (20,000 ओलांडण्याआधी हे चालणार नाही, कारण तेव्हा टीडीएसच नसतो. आणि कधी टीडीएस थेट 20 टक्के दिसला तर तो दराचा गोंधळ नाही, पॅनची अडचण आहे. पॅन कंपनीकडे नोंदलेलं आहे का आणि आधारशी जोडलेलं आहे का ते आधी बघायचं.)

रिकव्हरी आणि टॅबचा हप्ता दोन्ही वजाच दिसतात, पण एका जातीचे नाहीत. रिकव्हरी म्हणजे ते कमिशन मिळालंच नाही, म्हणून उत्पन्न कमी होतं. टॅबचा हप्ता म्हणजे मिळालेल्या कमिशनातून वस्तूचे पैसे दिले. उत्पन्न 9,200 च राहतं, हजार रुपये "इतर कपात" या रकान्यात जातात. स्टेटमेंटवर वजा रक्कम टीडीएसच्या वर आहे की खाली, हे सहसा पुरेसं सांगून जातं, पण टीडीएसचा उलटा हिशेब त्याहून भरवशाचा.

कॉलेजरोड_अनिकेत

मग टॅबचा हजार रुपये हप्ता खर्चात टाकायचा ना? कामासाठीच तर आहे.

मृणाल_सिडको

खर्चाच्या बाजूला येणार, पण हप्ता जसा जातो तसा नाही. ती मालमत्ता आहे, तिचा घसारा धरतात. टॅबची पूर्ण किंमत, कंपनीचं बिल आणि कधी मिळाला ती तारीख एवढं जपून ठेवा. बाकी विवरणपत्र भरताना बघू.

वसंत_एजंट

इथे माझा अनुभव वेगळा आहे, तो सांगितलाच पाहिजे. माझ्याकडे दोन कंपन्यांच्या एजन्सी आहेत, एक आयुर्विम्याची आणि एक सर्वसाधारण विम्याची. दुसरी कंपनी रिकव्हरी आधी वजा करत नाही. ती पूर्ण कमिशनवर टीडीएस कापते आणि रिकव्हरी खाली वेगळी दाखवते. त्यामुळे 26एएस मध्ये मी न मिळवलेलं कमिशनही माझ्या नावावर दिसतं. मी त्यांना मेल केला होता, उत्तर आलं की पुढच्या महिन्यात समायोजित होईल. झालं नाही.

शालिमार_बँकवाला

अशा ठिकाणी आम्हालाही फरक दिसतो. रिकव्हरीचा तपशील असलेलं स्टेटमेंट जोडलं तर समजून घेतो.

मृणाल_सिडको

काका, तुमच्या प्रकारात 26एएस बदलायचा अधिकार कंपनीकडेच आहे, तिने टीडीएस विवरण दुरुस्त केलं तरच. तोवर विवरणपत्रात पूर्ण कमिशन दाखवून रिकव्हरी खर्चाच्या बाजूला वजा दाखवावी असं मी म्हणेन, म्हणजे वरचा आकडा 26एएसशी जुळतो. पण आमच्याकडचे एक वरिष्ठ हे मान्य करत नाहीत. त्यांचं म्हणणं, न मिळालेलं उत्पन्न दाखवायचंच कशाला, निव्वळ कमिशन दाखवा आणि विचारलं तर स्टेटमेंट द्या. दोघांचेही पक्षकार आजवर सुटलेत, त्यामुळे वाद ऑफिसात चालूच आहे.

वसंत_एजंट

आणि मार्चमध्ये विकलेली पॉलिसी एप्रिलमध्ये परत आली तर? कमिशन मागच्या वर्षी, रिकव्हरी या वर्षी?

मृणाल_सिडको

हो, तसंच होतं. कंपनी एप्रिलच्या स्टेटमेंटमधून वळतं करते आणि मागच्या वर्षीचा 26एएस तसाच राहतो. मी ते ज्या वर्षी कापलं त्या वर्षी वजा धरते. मार्च अखेरीला टार्गेटसाठी घाईने लिहिलेल्या पॉलिसींमध्ये हे फार होतं, म्हणून एप्रिल आणि मेची स्टेटमेंटं जरा जास्त बारकाईने वाचावी.

अवनी_नाशिकरोड

जुलैची ओळ लिहिली. ग्रॉस 9,200 (नवीन 11,300, रिकव्हरी 2,100), टीडीएस 184, इतर कपात 1,000, बँकेत जमा 8,016. पासबुकाशी जुळलं. 26एएसची खूण दुसऱ्या तिमाहीची नोंद आल्यावर करेन, म्हणजे ऑक्टोबर संपेपर्यंत थांबावं लागेल ना?

मृणाल_सिडको

हो. जुलै ते सप्टेंबरचं विवरण भरायला कंपनीला 31 ऑक्टोबरपर्यंत मुदत असते, त्यानंतर काही दिवसांत दिसतं. टीडीएसच्या प्रमाणपत्राचा फॉर्म 16ए 15 नोव्हेंबरपर्यंत मिळायला हवा. पहिल्या तिमाहीचा 15 ऑगस्टपर्यंत यायला हवा होता, तो आला का?

अवनी_नाशिकरोड

नाही आला. पोर्टलवर शोधते, नाहीतर उद्या शाखेत जाऊन मागते.